डबल बॉटम दिसला, पण झाला का? नेकलाइन, क्लोजिंग आणि सौद्याचं गणित

चार्ट बघायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला सगळ्यात आधी जे पॅटर्न दिसायला लागतात, त्यात डबल बॉटम आणि डबल टॉप हे दोन असतातच. भाव पडतो, उसळतो, पुन्हा त्याच पातळीपर्यंत पडतो आणि पुन्हा उसळतो, की झाला डब्ल्यू. वरच्या बाजूला हेच उलटं झालं की एम. ओळखायला इतके सोपे आहेत की अडचण तिथूनच सुरू होते. ते रोज कुठल्या ना कुठल्या चार्टवर दिसतात आणि त्यातले बरेचसे डबल टॉप किंवा डबल बॉटम नसतातच.

या लेखात मी मुद्दाम डबल बॉटमच धरून चालणार आहे. तो नीट कळला की डबल टॉप म्हणजे तोच चार्ट उलटा धरलेला. मात्र दोन-तीन ठिकाणी फरक पडतो, तो शेवटाकडे सांगतो. आणि लेखाचा बराचसा भाग पॅटर्न कसा ओळखायचा यापेक्षा तो पक्का कधी धरायचा, आणि पक्का झाल्यावर सौदा परवडतो का, यावर आहे. नवीन माणसाचे पैसे जातात ते बहुतेक याच दोन ठिकाणी.

दोन तळ म्हणजे पॅटर्न नव्हे

डबल बॉटमला तीन गोष्टी लागतात: आधीची ठळक घसरण, जवळजवळ एकाच पातळीवरचे दोन तळ, आणि त्या दोन तळांच्या मधल्या शिखराच्या वर भावाचं क्लोजिंग. मधल्या शिखराच्या पातळीवर आडवी रेघ मारली की ती नेकलाइन. भाव नेकलाइनच्या वर बंद होत नाही तोवर तुमच्यासमोर जे आहे ते फक्त एका पट्ट्यात वर-खाली करणारा भाव आहे. तो पुढे तिसरा तळ करेल, दोन्ही तळ तोडून खाली जाईल किंवा महिनाभर तिथेच लोळत राहील, यातलं काहीही अजून शक्य असतं.

नेकलाइनलाच इतकं महत्त्व का, हे समजून घेतलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत. पहिल्या तळानंतर जी उसळी येते, तिच्या टोकाला काही लोक खरेदी करतात. त्यांना वाटतं मंदी संपली. भाव पुन्हा पडतो आणि हे लोक अडकतात. दुसऱ्या तळावरून भाव परत वर येतो तेव्हा यातल्या अनेकांना एकच गोष्ट हवी असते, आपले पैसे सुटले की बाहेर पडायचं. म्हणून नेकलाइनपाशी विक्री येते आणि भाव तिथे अडखळतो. ही सगळी विक्री पचवून भाव वर बंद झाला, तर त्याचा अर्थ असा की सुटायला बसलेले बरेच जण सुटले, आणि त्यांचा माल घेणारा कुणीतरी त्याहून वरच्या भावाला घ्यायलाही तयार आहे. शिवाय आधी विकून बसलेल्या मंदीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचे स्टॉपलॉस याच शिखराच्या वर लागलेले असतात. ते उडाले की त्यांनाही खरेदी करूनच बाहेर पडावं लागतं. दुसऱ्या तळावर यातलं काहीच घडलेलं नसतं. तिथे फक्त इतकंच कळतं की जुन्या तळापाशी थोडी खरेदी आली.

आधी आखणी

डेली चार्ट घ्या. पाच मिनिटांच्या चार्टवरही हे आकार दिसतात, पण तिथे दोन तळांमध्ये अर्धा तास असतो आणि एखादी मोठी ऑर्डरसुद्धा तो आकार तयार करू शकते. शिकताना तरी डेलीच ठेवा.

पहिली पायरी डावीकडे बघण्याची. पहिल्या तळाच्या आधी खरोखर घसरण झाली होती का? साधी कसोटी अशी: घसरण जिथून सुरू झाली ती पातळी नेकलाइनच्या बरीच वर असली पाहिजे. भाव ११७ वरून १०० वर आला आणि मधली उसळी ११५ पर्यंत गेली, तर उलटवायला काही उरलेलंच नाही. तो रेंजमधला भाव आहे. १५० वरून १०० वर आला असेल तर मात्र पुढे बोलू.

दुसरी पायरी अंतराची. दोन तळांमध्ये आडवं अंतर निदान तीन-चार आठवड्यांचं असावं. चार कॅन्डलच्या अंतरावरचे दोन तळ हा एकाच तळाचा खडबडीतपणा असतो. उभं अंतर, म्हणजे तळ ते नेकलाइन, यासाठी शेअरच्या बाबतीत निदान दहा टक्के असा ढोबळ नियम सांगतात. चलनाच्या जोडीला दहा टक्के फार मोठे, आणि एखाद्या चंचल शेअरला ते दोन दिवसांचं काम. त्यामुळे मला एटीआरने मोजणं जास्त पटतं. एटीआर म्हणजे भाव एका दिवसात सरासरी किती हलतो, याचा आकडा. बहुतेक चार्टवर तो १४ दिवसांचा मिळतो. पॅटर्नची उंची त्याच्या निदान पाचपट असावी असं मी धरतो. त्याहून कमी असेल तर रोजच्या हालचालीतच तो आकार विरघळून जातो.

तिसरी पायरी दोन्ही तळांची तुलना करण्याची. ते हुबेहूब एका रेषेत येत नाहीत. दोघांमधला फरक तीन टक्क्यांच्या आत किंवा साधारण एका एटीआरच्या आत असला की चालतं. दुसरा तळ पहिल्यापेक्षा किंचित खाली गेला म्हणून पॅटर्न लगेच बाद होत नाही. उलट पहिल्या तळाखाली लावलेले स्टॉपलॉस उडवून त्याच दिवशी भाव परत वर बंद झाला, तर ती खरेदीदारांच्या बाजूची चांगली खूण असते. पण तो पहिल्या तळाच्या खाली *बंद* झाला आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिला, तर डबल बॉटमचा विचार सोडून द्या. ती घसरण चालूच आहे.

चौथी पायरी, नेकलाइन. मधल्या उसळीचा सर्वोच्च भाव घ्यायचा की सर्वोच्च क्लोजिंग, यावर एकमत नाही. सर्वोच्च भाव घेतला तर पुष्टी थोडी उशिरा मिळते पण जास्त भरवशाची असते. मी तोच घेतो. तुम्ही दुसरा घेतलात तरी हरकत नाही. हरकत आहे ती या चार्टवर एक आणि त्या चार्टवर दुसरा घेण्याला, कारण मग रेघ तुमच्या इच्छेप्रमाणे सरकायला लागते.

पुष्टी कशाला म्हणायचं

दिवसभरात भाव नेकलाइनच्या वर जाऊन आला, ही पुष्टी नव्हे. कॅन्डलचं क्लोजिंग वर हवं, आणि तेही ज्या टाइमफ्रेमवर पॅटर्न दिसला त्याच टाइमफ्रेमवरचं. डेलीवर आकार बघायचा आणि पंधरा मिनिटांच्या कॅन्डलचं क्लोजिंग पुष्टी म्हणून धरायचं, ही पळवाट फार लोक वापरतात. दुपारी भाव नेकलाइनच्या वर असतो, संध्याकाळी खाली बंद होतो, आणि डेली चार्टवर उरते ती फक्त वरची लांब वात.

क्लोजिंग नेकलाइनच्या किती वर हवं? दहा पैशांनी वर बंद झालेल्या कॅन्डलला ब्रेकआउट म्हणायला जीव धजत नाही. म्हणून फिल्टर लावतात. एक ते तीन टक्के वर क्लोजिंग, किंवा सलग दोन दिवस वर क्लोजिंग, किंवा अर्धा एटीआर वर क्लोजिंग. यातला कुठलाही चालतो. प्रत्येक फिल्टर काही खोटे ब्रेकआउट गाळतो आणि त्याची किंमत म्हणून तुम्हाला थोड्या वरच्या भावाला खरेदी करायला लावतो. ही किंमत किती मोठी असते ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

तिसरी गोष्ट व्हॉल्यूम. डबल बॉटममध्ये साधारण असं दिसतं की पहिल्या तळावर घबराटीची विक्री असते, व्हॉल्यूम प्रचंड. दुसऱ्या तळावर त्याहून कमी, कारण घाबरून विकणारे आधीच गेलेले. आणि ब्रेकआउटच्या दिवशी पुन्हा जास्त. शेवटचा भाग महत्त्वाचा. ब्रेकआउटच्या दिवशीचं व्हॉल्यूम गेल्या २० दिवसांच्या सरासरीच्या दीडपट तरी असावं. पहिल्या दोन ठिकाणी व्हॉल्यूम थोडं इकडेतिकडे झालं तरी मी फार मनावर घेत नाही. चलनबाजारात मात्र सगळे सौदे एका ठिकाणी नोंदले जात नाहीत, तिथे चार्टखाली दिसणारं व्हॉल्यूम फक्त तुमच्या ब्रोकरच्या बाजूचं असतं. त्याच्यावर ही कसोटी लावू नका.

एक उदाहरण, दिवसागणिक

आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतो. एक शेअर चार महिन्यांत १५० वरून घसरत आला. एके दिवशी तो १०० पर्यंत पडला, १०३ वर बंद झाला, व्हॉल्यूम सरासरीच्या तिप्पट. पुढच्या काही आठवड्यांत उसळी आली आणि ११५ ला संपली. मग पुन्हा घसरण, आणि पहिल्या तळानंतर साधारण दोन महिन्यांनी १०१ वर दुसरा तळ. यावेळी व्हॉल्यूम पहिल्यापेक्षा बरंच कमी. एटीआर २.४ आहे.

आखणीच्या पायऱ्या लावून बघू. घसरण १५० वरून, नेकलाइन ११५ वर, तेव्हा उलटवायला जागा आहे. तळांमधला फरक एक टक्का. उंची ११५ वजा १००, म्हणजे १५, एटीआरच्या सहापट. फिल्टर अर्ध्या एटीआरचा, म्हणजे १.२, तेव्हा ११६.२ च्या वर क्लोजिंग झालं की पुष्टी. हे सगळं दुसरा तळ झाल्यावर लगेच कागदावर लिहून ठेवायचं. भाव नेकलाइनपाशी आल्यावर हे आकडे ठरवायला बसलं की ते हमखास सोयीचे निघतात.

भाव १०१ वरून वर येतो आणि ११२ ला पोहोचतो. इथे पहिला मोह होतो: "जाणारच आहे वर, तीन-चार रुपये स्वस्त मिळतोय." घ्यायचा नाही. पुढे एक दिवस असा येतो की भाव दिवसात ११६.४ पर्यंत जातो आणि ११४.३ वर बंद होतो. दिवसातला उच्चांक फिल्टरच्या वर, क्लोजिंग नेकलाइनच्याही खाली. ही पुष्टी नाही, आणि त्या दिवशी दुपारी खरेदी केलेले सगळे संध्याकाळी तोट्यात आहेत. पुढचे चार दिवस भाव १११ ते ११४ मध्ये घुटमळतो. पाचव्या दिवशी ११६.८ वर क्लोजिंग, व्हॉल्यूम सरासरीच्या १.८ पट. आता डबल बॉटम झाला.

पुष्टी मिळाली, आता सौदा परवडतो का

टार्गेट काढायची प्रचलित रीत अशी की पॅटर्नची उंची नेकलाइनमध्ये मिळवायची. ११५ अधिक १५, म्हणजे १३०. आणि स्टॉपलॉस कुठे? बहुतेक ठिकाणी सांगतात, तळाच्या खाली. म्हणजे समजा ९९.

आता वजाबाकी करा. खरेदी ११६.८ ला. फायदा झाला तर १३.२. तोटा झाला तर १७.८. एक रुपया धोक्यात घालून तुम्ही पाऊण रुपयाच्या मागे लागला आहात. हे या एका उदाहरणाचं दुर्दैव नाही, या पॅटर्नची रचनाच तशी आहे. टार्गेट उंचीइतकं, स्टॉपलॉस उंचीइतका, त्यामुळे अगदी नेकलाइनवर खरेदी झाली तरी दोन्ही समान. आणि पुष्टीसाठी थांबल्यामुळे तुम्ही जितके वर गेलात तितका फायदा कमी आणि तोटा जास्त. असे सौदे करून ना नफा ना तोटा राहायचं असेल तरी शंभरातले ५७-५८ यशस्वी व्हायला हवेत, आणि त्यात ब्रोकरेज धरलेलंच नाही.

हे कळलं की लोक दोनपैकी एक करतात. काही जण पुष्टी सोडून देतात आणि दुसऱ्या तळावरच खरेदी करतात. १०३ ला खरेदी, ९९ ला स्टॉपलॉस, गणित झकास दिसतं. पण ते गणित पक्क्या झालेल्या पॅटर्नच्या टार्गेटवर केलेलं असतं आणि पॅटर्न अजून झालेलाच नसतो. घसरणाऱ्या शेअरमध्ये जुन्या तळापाशी दोन दिवस थांबणं ही रोजची गोष्ट आहे.

दुसरा मार्ग म्हणजे स्टॉपलॉस वर आणणं. नेकलाइन तोडून वर बंद झालेला भाव परत पॅटर्नच्या निम्म्या उंचीपर्यंत आला, तर ब्रेकआउट फसला असं मानायला हरकत नाही. त्यासाठी १०० पर्यंत वाट बघायचं कारण नाही. निम्मी उंची १०७.५. स्टॉपलॉस तिच्या जरा वर, १०८ ला ठेवला की तोटा ८.८, फायदा १३.२, प्रमाण एकास दीड. शंभरात ४० सौदे जमले तरी बरोबरी. याची किंमत अशी की काही वेळा भाव १०७ ला स्पर्श करून पुन्हा वर जाईल आणि तुम्ही बाहेर असाल. ती किंमत मला परवडते.

पण एक गोष्ट अजून राहिली, आणि ती बहुतेक जण विसरतात. चार्टवर डावीकडे पुन्हा बघा. १५० वरून पडताना हा शेअर १२७ ते १२९ च्या पट्ट्यात दोन आठवडे थांबला होता. तिथे अडकलेली माणसं आहेत. नेकलाइनवरच्या माणसांसारखीच त्यांनाही सुटायचं आहे. मग १३० हे टार्गेट कागदावरचं झालं. व्यवहारात १२७ धरायचं. फायदा १०.२, तोटा ८.८. शंभरात आता ४६-४७ सौदे जमायला हवेत. सौदा अजून करण्यासारखा आहे, पण जेमतेम. अडथळा १२२ वर असता तर हा पॅटर्न कितीही देखणा असला तरी सोडून द्यायला हवा होता.

किती शेअर घ्यायचे तेही याच आकड्यावरून निघतं. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि भांडवल एक लाख असेल, तर सोसायचा तोटा १,०००. त्याला ८.८ ने भागलं की ११३ शेअर.

रिटेस्टची वाट बघावी का

ब्रेकआउटनंतर भाव बऱ्याचदा परत नेकलाइनला टेकायला येतो. आपल्या उदाहरणात समजा तो १२० पर्यंत गेला, मग ११४.१ पर्यंत खाली आला, त्या दिवशी ११५.४ वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा उच्चांक ओलांडून ११७ वर बंद झाला. इथे ११७ ला खरेदी केली तर स्टॉपलॉस रिटेस्टच्या तळाखाली, ११३.५ ला लावता येतो. तोटा ३.५, आणि १२७ पर्यंत फायदा १०. खरेदीचा भाव जवळपास तोच, पण धोका निम्म्याहून कमी.

मग सगळ्यांनी रिटेस्टलाच का घेऊ नये? कारण इथे एक छुपी गोम आहे. जो ब्रेकआउट फसणार असतो, तो नेकलाइनला परत येतोच येतो; त्याशिवाय तो फसू शकत नाही. आणि सगळ्यात जोमदार ब्रेकआउट मात्र बऱ्याचदा मागे वळूनच बघत नाहीत. म्हणजे फक्त रिटेस्टला घेणाऱ्याच्या वाट्याला फसणारे सगळे येतात आणि उत्तम त्यातले काही निसटतात. यावर उपाय एकच: भाव नेकलाइनला टेकला म्हणून नुसती लिमिट ऑर्डर लावून ठेवायची नाही. तो टेकून *वळला* पाहिजे, आणि वळल्याची खूण म्हणजे आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर क्लोजिंग. माझा कल अर्धी पोझिशन पुष्टीच्या क्लोजिंगवर आणि अर्धी रिटेस्ट झाला तर त्यावर, असा असतो. त्यात दोन्हीकडची हळहळ अर्धी होते, एवढंच. हिशोबाने ते सर्वोत्तम आहे असा माझा दावा नाही.

जिथे पाय घसरतो

सर्वात मोठा सापळा म्हणजे नेकलाइनच्या वर एक क्लोजिंग आणि लगेच माघार. भाव ११६.८ वर बंद होतो, पुढच्या दिवशी ११५, मग ११३, मग १११. हा फसलेला ब्रेकआउट आहे हे कधी म्हणायचं? नेकलाइनच्या खाली एक क्लोजिंग रिटेस्टमध्येही होऊ शकतं. पण खाली बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत भाव परत वर आला नाही, आणि पडताना व्हॉल्यूम वाढत असेल, तर मी १०८ ची वाट बघत नाही. स्टॉपलॉस ही शेवटची हद्द असते, तिथपर्यंत जायची सक्ती नसते.

दुसरा सापळा गॅपचा. कंपनीचे निकाल आले आणि भाव थेट १२३ ला उघडला. पुष्टी तर झाली, तीही दणक्यात. पण १२३ ला खरेदी, १०८ ला स्टॉपलॉस आणि १२७ ला टार्गेट म्हणजे १५ धोक्यात घालून ४ मिळवायचे. पॅटर्न बरोबर आणि सौदा चूक, असं एकाच वेळी असू शकतं. अशा वेळी रिटेस्ट आला तर आला, नाही तर दुसरा चार्ट.

तिसरा सापळा वेळेचा. दुसऱ्या तळानंतर महिना झाला, दीड महिना झाला, भाव नेकलाइन आणि तळाच्या मध्येच हेलकावे खातोय. दोन तळांमध्ये जितका काळ गेला त्याहून जास्त काळ दुसऱ्या तळानंतर उलटून गेला तर मी ती रेघ पुसतो आणि त्या चार्टला साधी रेंज म्हणतो. नेकलाइन नंतर तुटली तर तो रेंजचा ब्रेकआउट म्हणून बघायचा.

आणि एक तांत्रिक बारकावा. शेअरचं विभाजन किंवा बोनस झाला असेल आणि चार्ट त्याप्रमाणे सुधारलेला नसेल, तर मधेच कोसळल्यासारखा भाव दिसतो आणि त्यातून नसलेले तळ तयार होतात. एका दिवसात भाव निम्मा झालेला दिसला की आधी हे तपासा.

डबल टॉपमध्ये काय बदलतं

आखणी, फिल्टर, उंचीचं गणित, सगळं तेच. फक्त नेकलाइन मधल्या तळावर येते आणि क्लोजिंग तिच्या खाली हवं. फरक व्हॉल्यूमचा. वर जायला खरेदीचा जोर लागतो, खाली यायला खरेदीदारांनी हात आखडता घेतला तरी पुरतं. म्हणून नेकलाइन कमी व्हॉल्यूमने तुटली तर डबल टॉप बाद करू नये. व्हॉल्यूम वाढलं तर चांगलंच, पण अट नाही.

दुसरा फरक असा की चढत्या भावात दोन शिखरं दिसणं फारच स्वस्त असतं. तेजीतला प्रत्येक शेअर थोडा पडून पुन्हा जुन्या शिखरापाशी येतो आणि तिथे दोन-चार दिवस दम खातो. बहुतेक वेळा मग ते शिखर ओलांडून पुढे जातो. दुसरं शिखर दिसलं की शॉर्ट करणारे याच जागी सापडतात. त्यांचे स्टॉपलॉस शिखराच्या वर असतात, आणि ते उडायला लागले की त्यांची परतीची खरेदी भावाला आणखी वर ढकलते. नेकलाइन तुटून पक्का झालेला डबल टॉपसुद्धा उलटू शकतो: भाव खाली बंद होतो, थोडा घसरतो, मग नेकलाइनच्या वर परत येतो आणि दोन्ही शिखरं पार करतो. अशा वेळी अडकलेल्या शॉर्टवाल्यांची संख्या आणखी मोठी असते, म्हणून ती चाल बहुधा वेगवान असते. शॉर्टमध्ये असाल तर नेकलाइनच्या वरचं क्लोजिंग लाँगवाल्यापेक्षा जास्त गांभीर्याने घ्या.

शॉर्ट न करणाऱ्यालाही डबल टॉप उपयोगी आहेच. हातातल्या शेअरमध्ये नेकलाइन तुटून क्लोजिंग झालं की निदान स्टॉपलॉस जवळ आणायला ते पुरेसं कारण आहे. तिथे एकास दीडचं गणित लागू होत नाही, कारण तुम्ही नवा धोका घेत नसता, असलेला कमी करत असता.

जुन्या चार्टवर सराव

झालेल्या चार्टवर डबल बॉटम शोधले तर सगळे यशस्वीच सापडतात, कारण डोळा मोठ्या तेजीकडून मागे येतो आणि तिच्या मुळाशी डब्ल्यू शोधतो. म्हणून चार्टची उजवी बाजू झाका. बऱ्याच चार्टिंग प्लॅटफॉर्मवर रिप्लेची सोय असते. नसेल तर चार्ट मागे सरकवून एकेक कॅन्डल पुढे न्या. दुसरा तळ तयार झाला असं वाटलं की तिथे थांबून चार आकडे लिहा: तळ, नेकलाइन, पुष्टीची पातळी, आणि डावीकडचा सर्वांत जवळचा अडथळा. मगच पुढे सरका.

नोंदवहीत ज्यांची पुष्टी झालीच नाही असे चार्टही लिहायचे, हे विसरू नका. एक रकाना पुष्टी झाली का, एक रकाना रिटेस्ट आला का, एक रकाना भाव आधी कुठे पोहोचला, टार्गेटला की निम्म्या उंचीच्या स्टॉपलॉसला. पन्नासेक नोंदी झाल्या की शेवटच्या रकान्यात टार्गेटवाल्या ओळी मोजा आणि तुमच्या सौद्यांचं सरासरी प्रमाण जे निघत असेल त्याच्या बरोबरीच्या आकड्याशी ताडून बघा. एकास दीड असेल तर शंभरात ४०, एकास एक असेल तर शंभरात ५०. पन्नास नोंदी हा आकडा लहानच आहे, त्यामुळे दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून फिल्टर बदलू नका. पण शंभरात तीसच जमत असतील, तर आधी त्या नोंदींतले अडथळ्याचे आकडे पुन्हा तपासा; बऱ्याचदा टार्गेट डावीकडच्या पट्ट्याच्या पलीकडे धरलेलं सापडतं.